तासभर झोपून उठलं की डोकं आणखी जड: गाढ झोपेतून उठण्याचा त्रास कसा ओळखायचा आणि काय बदलायचं

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. दुपारी किंवा संध्याकाळी जरा आडवं होतात, तासाभराचा गजर लावतात, आणि उठल्यावर झोपायच्या आधीपेक्षा वाईट वाटतं. अंग जड, तोंडाला चव नाही, कोणी काही विचारलं तर शब्द पटकन सुचत नाही. सकाळ झालीय की संध्याकाळ, हेही दोन मिनिटं कळत नाही. मग माणूस म्हणतो, झोप पुरली नाही वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी गजर पंधरा मिनिटं पुढे सरकवतो. त्याने त्रास वाढतो, कारण अडचण झोपेच्या लांबीपेक्षा गजर कुठल्या क्षणी वाजतो यात असते.

मी झोपेच्या चाचण्या होतात त्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रात्रभर लोकांच्या डोक्याला लावलेल्या वायरींचा आलेख बघणं हे माझं काम. त्यामुळे हा प्रकार मला पडद्यावर दिसतो आणि घरीही भेटतो. माझा भाचा चाकणला एका कंपनीत तीन पाळ्यांत काम करतो. खाली त्याचंच उदाहरण घेतलंय, कारण या त्रासाची जवळजवळ सगळी कारणं त्याच्या एका आठवड्यात सापडतात.

झोप एकसारखी नसते

आलेख आम्ही ३० सेकंदांच्या पानांत वाचतो. प्रत्येक पानाला एक टप्पा द्यायचा: जाग, एन-वन, एन-टू, एन-थ्री किंवा रेम. एन-वन म्हणजे डोळा लागतोय ती काही मिनिटं. या वेळी हाक मारली तर माणूस 'मी झोपलोच नव्हतो' म्हणतो. एन-टू ही खरी झोप, पण हलकी. रात्रीचा जवळजवळ निम्मा भाग हिचाच असतो. एन-थ्री ही गाढ झोप. हिच्यात मेंदूच्या लहरी संथ आणि उंच होतात, सेकंदाला जेमतेम एक-दोन, आणि उंची ७५ मायक्रोव्होल्टच्या वर. ३० सेकंदांच्या पानाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग अशा लहरींनी भरला, तर त्या पानावर एन-थ्री लिहायचं असा नियम आहे. रेम ही स्वप्नांची झोप. डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात आणि स्नायू ढिले पडतात. शिकागोत १९५३ साली ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ही अवस्था पहिल्यांदा नोंदवली.

हे टप्पे एका क्रमाने येतात. तरुण माणूस अंथरुणावर पडला की हलक्या झोपेतून उतरत साधारण अर्ध्या तासाच्या आत-बाहेर एन-थ्रीमध्ये पोचतो. तिथे वीस ते चाळीस मिनिटं राहतो, मग परत वर हलक्या झोपेत येतो, थोडी रेम होते आणि फेरी पूर्ण होते. एका फेरीला सरासरी दीड तास लागतो. सरासरी म्हणतोय, कारण ७० मिनिटांची फेरीही असते आणि १२० चीही, आणि एकाच माणसाच्या एकाच रात्रीत दोन्ही सापडतात.

सगळ्या फेऱ्या सारख्या नसतात, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या दोन फेऱ्यांतच उरकतो. पहाटेकडे एन-थ्री कमी होत जाते आणि रेम लांबत जाते. म्हणून सात-आठ तास झोपून सकाळी उठणारा माणूस बहुधा एन-टूमधून किंवा रेममधून उठतो. एक तास झोपून उठणारा मात्र नेमका पहिल्या फेरीच्या तळाशी असतो.

गाढ झोपेतून उठवल्यावर काय होतं

लॅबमध्ये रात्री कुणाची तरी वायर सुटतेच. आत जाऊन लावावी लागते. एन-टूमध्ये असलेला पेशंट डोळे उघडून 'काय झालं?' विचारतो आणि पुन्हा झोपतो. एन-थ्रीमध्ये असलेल्याची गंमत वेगळी. 'काका, वायर निघालीय, लावतो' म्हटलं की काका उठून बसतात, डोळे उघडे, आणि म्हणतात, 'हो हो, गाडी आली का?' सकाळी विचारलं तर रात्री कोणी आलं होतं हेच आठवत नाही. त्या वेळी पडद्यावर बघितलं तर माणूस बसलाय, बोलतोय, आणि मागे मोठ्या संथ लहरी अजून विरलेल्या नसतात. मेंदूचा काही भाग जागा, काही भाग झोपेत, असा तो मधला काळ.

मेंदूच्या रक्तप्रवाहाचं चित्रण करून हे तपासलं गेलंय. जाग आल्याबरोबर मेंदूच्या तळाकडचा भाग आणि मधोमध असलेला थॅलॅमस लगेच कामाला लागतात, म्हणजे डोळे उघडतात, बसता येतं, चालता येतं. कपाळामागचा भाग, ज्याने आपण हिशेब करतो, निर्णय घेतो, चूक ओळखतो, तो मागे राहतो आणि पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू पूर्ववत होतो. लोडशेडिंग संपल्यावर गल्लीतले खांब आधी लागावेत आणि घरं एकेक करून उजळावीत, तसं.

जोडीला ॲडिनोसिन असतं. जागेपणी मेंदूत हे रसायन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. झोपेत ते उतरतं, पण तासाभराच्या झोपेत सगळं उतरत नाही. अर्धवट निचरा झालेला असताना उठलं, तर जडपणा त्याचाही असू शकतो. कॉफी-चहातलं कॅफिन याच ॲडिनोसिनच्या जागा अडवतं. ते पुढे उपायात कामाला येईल.

हा जडपणा पहिल्या पंधरा ते तीस मिनिटांत सर्वात जास्त असतो. बहुतेकांचा अर्ध्या ते एका तासात उतरतो. झोपेची थकबाकी असेल तर दोन तासांपर्यंत शेपूट राहतं.

भाच्याचा आठवडा

पहिली पाळी साडेसहाची. कंपनीची बस चौकात पाच-वीसला येते, म्हणून गजर साडेचारचा. तीनला सुटतो, चारला घरी. हातपाय धुऊन सव्वाचारला आडवा होतो, गजर सव्वापाचला. उठल्यावर सात वाजेपर्यंत तो कुणाशी धड बोलत नाही. बहीण म्हणायची, 'हा कंपनीतून येतो तेव्हा बरा असतो, झोपून उठला की बिघडतो.' निदान म्हणून हे वाक्य अगदी नेमकं होतं.

त्याने आपले उपाय करून झाले होते: मोठ्या आवाजाचा गजर, उठल्यावर दोन कप चहा, आणि मोबाईलवरच्या एका हिशेबाप्रमाणे नव्वद मिनिटांची झोप. कशानेच फरक पडला नाही. मग त्याला एक साधी वही करायला सांगितली. अंग टाकलं ती वेळ, गजराची वेळ, आणि डोकं ठिकाणावर आलं असं वाटलं ती वेळ. शेवटच्या रकान्यात एक खूण: उठताना स्वप्न अर्धवट तुटलं का, की सगळं कोरं होतं. स्वप्न तुटलं असेल तर बहुधा रेम. कोरं, जड आणि 'मी कुठे आहे' असं असेल तर बहुधा एन-थ्री. ही चाचणी पक्की नाही, पण वायरी न लावता घरी करण्यासारखी एवढीच.

वहीतून गणित असं निघालं. तो सव्वाचारला पडायचा आणि पाच मिनिटांत झोपायचा. एवढ्या लवकर झोप लागणं हीच थकबाकीची खूण. थकबाकी असली की मेंदू हलक्या झोपेत वेळ घालवत नाही, एन-थ्रीमध्ये लवकर उतरतो आणि तिथे जास्त वेळ थांबतो. म्हणजे चार-चाळीसच्या सुमाराला तो तळाशी पोचत असणार, आणि सव्वापाचला, जेव्हा गजर वाजायचा, तेव्हा तिथेच असणार. दीड तासाचा हिशेबही याच कारणाने फसला. थकलेल्या माणसाची पहिली फेरी पुस्तकातल्या नव्वद मिनिटांत संपेलच असं नाही.

दुसरी बाजू रात्रीची. संध्याकाळी तासभर झोप झाल्यामुळे झोपेचा दाब उतरलेला असायचा. दहाला पडला तरी साडेबारापर्यंत मोबाईल. साडेबारा ते साडेचार, चार तास. त्यात पहिल्या दोन फेऱ्यांची गाढ झोप जेमतेम उरकते. शिवाय पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचं घड्याळ सगळ्यात खालच्या टोकाला असतं, शरीराचं तापमान दिवसातलं सर्वात कमी असतं. या वेळी कुठल्याही टप्प्यातून उठलं तरी जडपणा जास्तच येतो. म्हणून सकाळीही वाईट, दुपारी दमलेला, म्हणून पुन्हा तासभर झोप, आणि पुन्हा रात्री साडेबारा.

काय बदललं

गजर पंचवीस मिनिटांवर आणला. पाच मिनिटं झोप लागायला, वीस मिनिटं झोप. एन-टूमध्ये जाऊन एन-थ्रीच्या आधी बाहेर. ऑस्ट्रेलियात ब्रूक्स आणि लॅक यांनी २००६ साली ५, १०, २० आणि ३० मिनिटांच्या डुलक्यांची तुलना केली होती. त्यात दहा मिनिटांची डुलकी सरस ठरली, कारण तिचा फायदा उठल्याउठल्या मिळाला. तीस मिनिटांच्या डुलकीचा फायदाही नंतर दिसला, पण आधी जडपणा भोगावा लागला. थकबाकी खूप असेल तर वीस मिनिटंही जास्त होतात, मग गजर पंधरावर आणा.

अंधार करून गादीवर पंखा लावून झोपायच्या ऐवजी त्याला हॉलमधल्या खुर्चीत, दिवा चालू ठेवून डुलकी घ्यायला सांगितली. पाठ पूर्ण आडवी नसली की माणूस सहसा फार खोल जात नाही. त्याच्या आईला हे पटलं नाही. 'एवढा दमून आलेला पोरगा, त्याला खुर्चीत कसलं झोपवतोस?' पण तिनेच चौथ्या-पाचव्या दिवशी सांगितलं की आता संध्याकाळी हाक मारली की ओ देतो.

कॉफी डुलकीच्या आधी. हे उलटं वाटतं, पण कॅफिन पोटातून मेंदूपर्यंत जायला वीसेक मिनिटं घेतं. डोळा लागेपर्यंत ते अडवत नाही आणि गजराच्या वेळी कामाला लागतं. आपल्या दुधाच्या चहात कॅफिन कमी असतं, त्यामुळे कॉफीच बरी. मात्र कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच पाचेक तास लागतात. ज्याला दहाला झोपायचं आहे त्याने चारची कॉफी रोज घेऊ नये. भाच्याला मी ती दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, जेवणानंतरच्या डुलकीला ठेवायला सांगितली. पहिल्या पाळीत नाही.

उठल्यावर लगेच बाहेरच्या उजेडात जायचं, गॅलरी चालेल. तोंडावर गार पाणी मारल्याने बरं वाटतं, पण परिणाम अल्पकाळ टिकतो. त्यावर भरवसा ठेवून गाडी काढू नये.

रात्रीची झोप दहा-सव्वादहाला आली, कारण संध्याकाळची लांब झोप गेली. दहा ते साडेचार, साडेसहा तास. पुरेशी नाही, पण चारपेक्षा खूप बरी. पहाटेचा जडपणा पूर्ण गेला नाही आणि जाणारही नव्हता. पाळी दर आठवड्याला फिरते आणि शरीराचं घड्याळ एवढ्या वेगाने फिरत नाही. साडेचारला त्याचं घड्याळ अजून रात्रीतच असतं. तिथे एवढंच करता आलं की तो आता चौकापर्यंत बाईकवर न जाता चालत जातो, म्हणजे पहिला पाऊण तास कुठलंही यंत्र हातात येत नाही.

स्नूझचं विचारतात बरेच जण. पूर्ण झोपेनंतर सकाळी दोन-तीनदा स्नूझ दाबलं तर जितकी बदनामी होते तितकं बिघडत नाही, कारण त्या वेळी झोप हलकीच असते. दुपारच्या डुलकीला मात्र स्नूझ नको. वीस मिनिटांनी गजर वाजला म्हणजे तुम्ही तळाच्या आधीच्या पायरीवर उभे असता. अजून दहा मिनिटं म्हणजे थेट खाली.

घड्याळात 'हलक्या झोपेत उठवणारा' गजर असतो, त्याचंही. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडी मोजतं, मेंदूच्या लहरी नाही. झोपलाय की जागा हे ते बऱ्यापैकी ओळखतं, पण टप्पा ओळखण्यात चुकतं. मदत झाली तर ठीक, त्याच्या आलेखावरून काळजी करत बसू नका. नव्वदच्या पाढ्याने झोपेची वेळ सांगणाऱ्या ॲपचा तर हिशेबच कच्चा आहे. एखाद्याची फेरी ८० मिनिटांची आणि दुसऱ्याची १०० ची असेल, तर पाच फेऱ्यांनंतर दोघांत शंभर मिनिटांचं अंतर पडतं. ॲप दोघांना एकच वेळ सांगतं.

हा जडपणा कुठे जीवावर बेततो

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटच्या आवाजाच्या नोंदीत कॅप्टन बराच वेळ, सुमारे एक तास चाळीस मिनिटं, झोपलेले असल्याचं आढळलं. उतरण्याच्या तयारीच्या थोडं आधी ते जागे झाले. विमान जास्त उंचीवरून येत होतं, सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं सांगितलं, यंत्रानेही इशारे दिले, तरी उतरणं चालू राहिलं. चौकशी अहवालात मुख्य कारण हे, म्हणजे चुकलेलं उतरणं न सोडणं. झोपेतून नुकतं उठल्याचा हा जडपणा हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवला आहे, आणि वेळही पहाटेची, घड्याळाच्या खालच्या टोकाची होती.

मी हे भाच्याला सांगितलं ते त्याने प्रेस मशिनवर काम करताना लक्षात ठेवावं म्हणून. या अवस्थेत माणसाला आपण सुस्त आहोत हे जाणवतं, पण आपला निर्णय चुकतोय हे जाणवत नाही. नर्स, सुरक्षारक्षक, ट्रकवाले, रात्रपाळीचे निवासी डॉक्टर, यांनी ब्रेकमध्ये झोपावंच. फक्त उठल्यावर किमान वीस मिनिटं औषधाचा डोस मोजणं, गाडी काढणं, मशिन सुरू करणं यातलं काही करू नये. पहाटे तीन-चारला वीस मिनिटांतही गाढ झोप लागू शकते, त्यामुळे तेव्हाचा हा मोकळा वेळ अर्धा तास धरा.

वही भरूनही फरक पडला नाही तर

आधी औषधांच्या डब्यात बघा. सर्दीच्या साध्या गोळीत बऱ्याचदा गुंगी आणणारं क्लोरफेनिरामीन असतं. सेटिरिझीनही काहींना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगी ठेवतं. झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिलेलं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम चालू असेल तर सकाळचा जडपणा त्याचाही असू शकतो. ती आपल्या मनाने अचानक बंद करू नका, ते धोक्याचं असतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना वही दाखवा.

मग घोरणं. सात-आठ तास झोपूनही रोज सकाळी डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं, घरचे सांगतात की मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून घोरणं सुरू होतं, तर ही वेगळी गोष्ट आहे. घशातली वाट बंद होऊन रात्रभर झोप तुटत असते आणि गजराच्या वेळा बदलून ते सुटत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांत बऱ्याच जणांनी आधी वर्षानुवर्षं गजरच बदललेले असतात. त्यांच्या आलेखात एन-थ्री जेमतेम दिसते आणि दर दोन-चार मिनिटांनी छोटी जाग. जाडी, जाड मान आणि रक्तदाब सोबत असेल तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि झोपेच्या चाचणीबद्दल विचारा.

भरपूर झोपूनही रोज दोन-दोन तास डोकं ठिकाणावर येत नसेल, तीन-तीन गजर ऐकू न येता बंद होत असतील, किंवा गाडी चालवताना डोळा लागला असेल, तरीही डॉक्टरांकडे जा. जाताना दोन आठवड्यांची वही घेऊन जा: पडल्याची वेळ, उठल्याची वेळ, डोकं ठिकाणावर आल्याची वेळ, आणि घरच्यांपैकी कोणी ऐकलं असेल तर घोरण्याबद्दल एक ओळ.